गाडगेबाबांचे चरित्र कडव्यांतून सांगताना: अष्टाक्षरी नेमकी कुठे अडते?

पूर्णाकाठ
सर्वांना नमस्कार. आमचे गाव दर्यापूर तालुक्यात आहे. दरवर्षी २० डिसेंबरला, म्हणजे गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, सकाळी गावसफाई होते आणि रात्री पाराजवळ शेकोटी पेटवून कोणीतरी बाबांच्या गोष्टी सांगते. गेली काही वर्षे सांगणारी माणसे कमी होत गेली, म्हणून या खेपेला मी बाबांचे संपूर्ण चरित्र अष्टाक्षरी कडव्यांत लिहून काढले. एकूण बासष्ट कडवी झाली. खंजेरीवर आमच्या भजनी मंडळातला एक मुलगा बसतो, मी गातो आणि दोघे जण मागून ओढतात.

मागच्या आठवड्यात तालीम म्हणून पंधरा-वीस जणांसमोर गाऊन पाहिले. विसाव्या कडव्यापर्यंत लोक ऐकत होते, तिसाव्यापर्यंत मुले उठून गेली आणि चाळिसाव्या कडव्याला माझा चुलतभाऊ हरभऱ्याला पाणी देण्याची वेळ झाली असे सांगून निघाला. रात्रीची लाईन होती हे खरे. पण ती साडेदहाला येणार होती आणि तो नऊलाच निघाला.

अडचण लांबीची आहे की बांधणीची, हे मला समजत नाही. नमुन्यासाठी पहिले कडवे देतो.

अठराशे शहात्तर साली
फेब्रुवारी तेविसाला
झिंगराजी जाणोरकरा
घरी पुत्र जन्मा आला

माहिती बरोबर आहे आणि यमकही आहे. तरी गाताना पहिल्या आणि तिसऱ्या ओळीला खंजेरी पुढे निघून जाते आणि मी मागे राहतो. जाणकारांनी कृपया सांगावे.

ओवीप्रेमी
आपण मुळात छंदच चुकीचा निवडला आहे, असे माझे नम्र मत आहे. आपल्याकडे संतचरित्र ओवीतच लिहिण्याची परंपरा आहे. महिपतींनी १७६२ साली भक्तविजय लिहिला तो ओवीत, आणि विदर्भात घरोघरी वाचली जाणारी संतांची पोथीही ओवीतच आहे. ओवीला अक्षरांचे बंधन नसते, पहिल्या तीन चरणांना यमक जुळवले आणि चौथा चरण आखूड ठेवला की काम होते. जाणोरकर हे आडनाव तिथे सहज बसेल.

कापूसवाट
चांगला विषय आहे. आमच्याकडे गजानन महाराजांच्या पोथीचे एकवीस अध्याय एका बैठकीत वाचतात, त्याला पूर्ण दिवस लागतो. आपली बासष्ट कडवी त्यामानाने काहीच नाहीत. आपली कडवी पारायणाला चालतील का, आणि त्यांची छापील प्रत मिळेल का?

पूर्णाकाठ
कापूसवाट, हे पारायणासाठी नाही. पारायणात वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही पूर्ण करण्याचा नेम असतो, त्यामुळे माणूस उठत नाही. पाराजवळच्या माणसाला कोणताच नेम नाही. कंटाळा आला की तो उठतो. प्रतही अजून नाही, सगळे वहीतच आहे.

जुना झीलकरी
मी काही वर्षे एका शाहिराच्या मागे झील धरत होतो, त्यामुळे गाणाऱ्यापेक्षा मागच्या माणसाच्या बाजूने सांगतो.

आधी ओवीविषयी. ओवीप्रेमी यांनी तिची घडण बरोबर सांगितली आहे. परंतु ती ओवी पोथीची आहे. एक जण वाचतो, बाकीचे कान देऊन ऐकतात आणि अर्थ सांगणारा मध्येमध्ये थांबून अर्थ सांगतो. चरणाची लांबी दर वेळी बदलते, म्हणून मागच्या माणसाला कुठे शिरायचे हे कळत नाही. पाराजवळच्या रात्रीला लोकांनी तोंड उघडावे अशी अपेक्षा असेल, तर प्रत्येक ओळ ठरावीक जागी संपली पाहिजे. तुमची अष्टाक्षरीची निवड योग्य आहे. चूक पुढे झाली आहे.

तुमच्या कडव्यातली अक्षरे मोजा. पहिल्या ओळीत दहा आहेत, दुसरीत आठ, तिसरीत नऊ आणि चौथीत आठ. खंजेरी पुढे जाते ती पहिल्या आणि तिसऱ्या ओळीलाच, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. खंजेरीला आठांची सवय लागलेली असते आणि तुम्ही तिला दहा पाजता.

पण नुसती आठ अक्षरे भरून भागत नाही. अष्टाक्षरी गाताना चार अक्षरांनंतर श्वासाएवढी उसंत पडते. त्या जागी शब्द संपला पाहिजे. तुमची दुसरी ओळ पाहा: फेब्रुवारी, उसंत, तेविसाला. अगदी चोख बसते, कारण दोन्ही शब्द चार-चार अक्षरांचे आहेत. आता समजा आडनाव बसवायचेच म्हणून तुम्ही “जाणोरकरांचे घर” अशी ओळ केली. अक्षरे आठच आहेत, पण गाताना “जाणोरक” आणि “रांचे घर” असे दोन तुकडे पडतात. ऐकणाऱ्याला जाणोरक म्हणजे काय ते कळत नाही आणि तो ते शोधत असताना पुढची ओळ निघून जाते.

वहीत ओळ बरोबर दिसते म्हणून ती बरोबर आहे असे समजू नये. ज्याने कडवे कधी पाहिलेले नाही, अशा माणसाच्या हाती कागद द्या, टाळी धरायला सांगा आणि त्याला गाऊ द्या. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. तुम्ही स्वतः गाल तर अडखळणार नाही, कारण वाईट ओळही ओढून-ताणून बसवण्याची सवय लिहिणाऱ्याला झालेली असते.

टिपणवही
आडनाव वगळण्याची सूचना मला पटत नाही. बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. आज शाळेतल्या मुलाला विचारा, त्याला गाडगेबाबा ठाऊक असतात, जाणोरकर ठाऊक नसतात. चरित्र म्हणायचे आणि नाव गाळायचे, तारीख गाळायची, हे बरे नव्हे. शिवाय गावाचे नाव काही ठिकाणी शेणगाव तर काही ठिकाणी शेंडगाव असे लिहिलेले आढळते. आपण कोणते घेतले आहे?

पूर्णाकाठ
मी शेणगाव घेतले आहे. दोन्हींत अक्षरे चारच भरतात, त्यामुळे छंदाची तक्रार नाही. आमच्याकडची म्हातारी माणसे जे म्हणतात तेच ठेवीन.

जुना झीलकरी
टिपणवही, नाव गाळायचे नाही, त्याची जागा बदलायची आहे. पोवाड्यात चौक संपला की शाहीर थांबतो, डफ हलका होतो आणि शाहीर चार वाक्ये नुसती बोलतो. साल, आडनाव, तालुका, कोण कोणाचा मामा, हे सगळे त्या बोलण्यात सांगावे. बोलण्यात “२३ फेब्रुवारी १८७६” असे म्हटले की ते लक्षात राहते. गाण्यात तीच तारीख यमकासाठी वाकवावी लागते. “तेविसाला” हा शब्द आपण एरवी कधी वापरतो का?

मग कडव्यात काय राहते? जे डोळ्यांना दिसते आणि कानाला ऐकू येते ते. तुमचे पहिले कडवे मी असे करून पाहिले.

शेणगावी परिटाच्या
घरी पोर जन्मा आले
सखूबाई हाक मारी
डेबू डेबू गाव बोले

प्रत्येक ओळ चार आणि चार अशी फुटते, कुठेही शब्द मोडत नाही. माहिती तुमच्यापेक्षा कमी आहे, पण आई आहे, हाक आहे, आणि शेवटच्या ओळीला मागची मंडळी “डेबू डेबू” लगेच उचलतात. हे कडवे फार मोठे काव्य आहे असे मी म्हणत नाही; ते चालीत अडत नाही एवढेच.

जात्यावरची
मी वर्धा जिल्ह्यातून लिहिते आहे. आमच्या बचत गटाच्या बायकांनी दोन वर्षांपूर्वी असाच प्रयोग केला होता, त्यात आम्हाला वेगळीच अडचण आली. वहीत आम्ही बोटांवर मोजून अक्षरे भरली होती. “गाडगेबाबा” हा शब्द बोटांवर पाच अक्षरांचा होतो, पण आमच्या बाया तो “गाड्गेबाबा” असा चारांतच म्हणायच्या. त्यामुळे ज्या ओळीत ते नाव येई तिथे एक ठोका रिकामा राहायचा आणि प्रत्येक जण तो आपापल्या परीने भरायची. कोणी “बाबाऽ” असे लांबवायची, कोणी मध्येच “हो” घालायची. शेवटी आम्ही ठरवून टाकले की ते नाव चारांचेच धरायचे आणि पुढे एक अक्षर जास्त घ्यायचे.

जाणकार मंडळी सांगतील की छंदशास्त्रात हे बसत नाही. पण जात्यावर बसून म्हणणाऱ्या बाईला छंदशास्त्र कोणी विचारत नाही.

जुना झीलकरी
आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि ते मीच आधी सांगायला हवे होते. लिहिताना अक्षर पूर्ण मोजतात, बोलताना मधला अकार आपण गिळतो. अभंग संथ चालीत गातात तेव्हा गिळलेला अकार परत येतो, “गा-ड-गे” असे तिन्ही ऐकू येते. खंजेरीची लय जलद असली की तो येत नाही. म्हणून चाल आधी ठरवावी आणि मग मोजावे. बोटांवर मोजण्यापेक्षा टाळीवर मोजणे बरे.

पूर्णाकाठ
जात्यावरची, तुमच्या पोस्टमुळे माझी तीन कडवी का अडत होती ते आत्ता कळले. तिन्हींत बाबांचे नाव आहे.

आता लांबीविषयी कोणी सांगेल का? बासष्टांतली कोणती काढू? मला तर सगळीच आवश्यक वाटतात. जन्म, वडिलांचे जाणे, दापुऱ्याला मामांकडे जाणे, गुरे राखणे, लग्न, लेकीचे बारसे, १ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडणे, ऋणमोचनचा घाट, पंढरपूर, नाशिक, देहू आणि आळंदीच्या धर्मशाळा, खारेपाटण, आणि शेवट पेढी नदीजवळ वलगावच्या वाटेवर.

जुना झीलकरी
एक हिशेब करा. चार ओळींचे कडवे जलद चालीत गायला पंधरा-वीस सेकंद लागतात. पालुपद दोनदा म्हटले की अर्धा मिनिट. बासष्ट कडवी म्हणजे अर्ध्या तासाच्या वर नुसते सलग गाणे, आणि तेही एकाच चालीत. पाराजवळ बसलेला माणूस दिवसभर वावरात वेचणी करून आलेला असतो. तो गाणे ऐकतो, पण एकच चाल अर्धा तास ऐकली की ती पाळण्यासारखी लागते आणि त्याला झोप येते. तुमचे लोक विसाव्या कडव्यानंतर सुटले म्हणता, म्हणजे साधारण दहाव्या मिनिटाला.

माझा सल्ला असा की एका रात्री चरित्र सांगू नये, प्रसंग सांगावा. तुमच्या यादीतल्या धर्मशाळा कडव्यांतून काढा. त्या मोठ्या कामाच्या आहेत, पण गाण्यात “इथे धर्मशाळा बांधली, तिथे धर्मशाळा बांधली” असे झाले की ती पावती होते. त्या बोलण्यात घ्या. गाण्यासाठी लेकीचे बारसे घ्या. त्यात घर आहे, पंगत आहे, रुसलेले पाहुणे आहेत आणि एका माणसाने सगळ्यांच्या विरुद्ध जाऊन केलेली एक लहान गोष्ट आहे. दहा-बारा कडव्यांत तो प्रसंग पुरा होतो.

ओवीप्रेमी
झीलकरी यांचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. पण मग त्याला चरित्र म्हणू नये, आख्यान म्हणावे. महिपतींच्या ग्रंथातही एकेका अध्यायात एकेका संताचे आख्यान येते. नाव बदलले की लोकांच्या अपेक्षाही बदलतील.

पूर्णाकाठ
ओवीप्रेमी, ही सूचना घेतो. फलकावर “आख्यान” असेच लिहीन.

काल रात्री बारशाचा प्रसंग नव्याने लिहिला. पार्श्वभूमी बोलून सांगणार आहे: दापुरे गाव, मूर्तिजापूर तालुका, मामा चंद्रभानजी, आणि बारशाला नातलगांना दारू आणि मटणाचे जेवण घालण्याची तेव्हाची रीत. झिंगराजींचे जाणे दारूमुळेच झाले होते हेही आधीच सांगणार, म्हणजे पुढचे कडवे समजेल. मधली तीन कडवी देतो.

बारशाचा दीस आला
पाहुण्यांनी ओटा भरे
कुठे दारू कुठे बोट्या
जो तो कुजबुज करे

डेबू आला हात जोडी
पंगतीला पान वाढी
गोड घास ओठी जाता
मग बोल एक काढी

बाप माझा दारूपायी
ऐन ज्वानीमध्ये गेला
लेकीच्या या पाळण्याशी
आणू कसा तोच पेला

संत्राबाग
तिसरे कडवे वाचून थांबलो. फक्त एक शंका आहे. डेबूजी हे शब्द खरोखर बोलले होते का?

पूर्णाकाठ
नाही, हे शब्द माझे आहेत. त्यांनी नातलगांना गोड जेवण घातले आणि दारू-मटण ठेवले नाही, एवढी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ते त्या वेळी नेमके काय बोलले हे मी कल्पनेने लिहिले आहे.

टिपणवही
माझा आक्षेप नेमका इथे आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या संताच्या तोंडी कवीने शब्द घातले तर ते कवीचे आहेत हे सगळ्यांना कळते. गाडगेबाबा १९५६ साली गेले. त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, त्यांची बोलण्याची पद्धत लोकांना ठाऊक आहे. आज तुमच्या पारावर एखादा मुलगा हे कडवे ऐकेल आणि उद्या भाषणात “गाडगेबाबा म्हणाले होते” असे सांगून पेला घेऊन उभा राहील. मग ते वाक्य कायमचे बाबांचे होईल. असे किती तरी झाले आहे.

जात्यावरची
टिपणवहींची भीती खोटी नाही. आम्ही त्यावर असा तोडगा काढला होता की संताच्या तोंडी कल्पनेचे बोलणे घालायचेच नाही. बोलायचे ते शेजारीण बोलेल, पाहुणा बोलेल, नाहीतर गाणारीच “जणू असे म्हणाला” म्हणून सांगेल. पण खरे सांगू, त्याने गाणे जरा फिके होते. आम्ही एका ठिकाणी तो नियम मोडला.

जुना झीलकरी
माझ्या शाहिरांची पद्धत सांगतो. ते असे कडवे गाऊन झाल्यावर लगेच थांबत आणि बोलून सांगत: “मंडळी, हा शब्द आमच्या पदरचा आहे, गोष्ट मात्र खरी आहे.” लोकांना त्याचा राग येत नसे. तरी टिपणवही म्हणतात त्याप्रमाणे, गाणे लोक घरी नेतात आणि ते सांगणे तिथेच राहते. यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही.

छंदाच्या बाजूने मात्र एक सांगतो. “कुजबुज” हा शब्द उसंतीवर मोडतो, “जो तो कुज” आणि “बुज करे” असा. नियमाने तो दोष आहे, पण इथे तो शब्दच दोन सारख्या तुकड्यांचा आहे, त्यामुळे मोडल्यावरही ऐकायला कुजबुजीसारखाच लागतो. तो बदलू नका. पहिल्या कडव्यातले “ओटा भरे” मात्र जरा ओढून आणलेले आहे. आपण “ओटा भरला” म्हणतो. पण “करे” शी यमक जुळवायचे म्हणून ते तसे झाले आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

संत्राबाग
मी दुसरे सुचवतो. डेबूजींचे बोलणे वऱ्हाडीत का नसावे? कथेकरी प्रमाण मराठीत बोलतो ते ठीक आहे, पण दापुऱ्याच्या पंगतीत उभा राहिलेला तरुण परीट “बाप माझा” म्हणेल की “बाप माहा” म्हणेल? अक्षरे तितकीच राहतात. “आणू” च्या जागी “आनू” केले तरीही छंद हलत नाही.

पूर्णाकाठ
हे मी आजच गाऊन पाहिले.

बाप माहा दारूपायी
ऐन ज्वानीमध्ये गेला
लेकीच्या या पाळण्याशी
आनू कसा तोच पेला

आमची आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. प्रमाण भाषेतले कडवे गायलो तेव्हा ती काही बोलली नाही. हे गायल्यावर बाहेर आली आणि म्हणाली, “ह्ये कोनाचं हाय?” मला वाटते, हे ठेवतो. पण फक्त डेबूजींचे बोलणेच वऱ्हाडीत, बाकी कथन प्रमाण भाषेत. सगळेच वऱ्हाडीत केले तर ते विनोदी वगासारखे वाटेल, अशी मला भीती वाटते.

ओवीप्रेमी
वऱ्हाडी म्हणजे विनोद, हे समीकरण आपणच करून ठेवले आहे. बाबा स्वतः कीर्तनात लोकांच्याच बोलीत प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर घेत. त्यात कोणाला हसू येत असेल तर ते बोलीवर नव्हे, प्रश्नातल्या फजितीवर येत असे. तरी पहिल्या प्रयोगाला आपण म्हणता तसेच करावे.

पूर्णाकाठ
पालुपदाविषयीही विचारायचे होते. मी स्वतःचे एक पालुपद रचले होते, पण ते शिकवण्यातच पाच मिनिटे जातात.

जुना झीलकरी
नवे रचू नका. “गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला” हे बाबांच्या कीर्तनातले भजन वऱ्हाडातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडात आहे. तेच घ्या. अष्टाक्षरीशी त्याची बांधणी जुळत नाही हे खरे आहे. पण पालुपदाला वेगळी चाल असणे उलट चांगले, त्यामुळे कडव्याच्या एकसुरीपणातून कान सुटतो. दर कडव्याला म्हणू नका, तीन कडव्यांनंतर एकदा म्हणा. पालुपदाला दुसऱ्या खेपेला लोक आपणहून शिरले तर समजावे की ते तुमच्याबरोबर आहेत. शिरले नाहीत तर पुढचे एक कडवे सोडून सरळ बोलण्यावर या.

जात्यावरची
पूर्णाकाठ, तुमच्या यादीत खारेपाटण होते. ते सोडून देणार का? आमच्याकडे तोच प्रसंग सर्वांत जास्त मागतात.

पूर्णाकाठ
तो दुसऱ्या भागात घ्यायचा विचार आहे, पण त्यावर हात टाकायला धीर होत नाही. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याचा निरोप आला आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही. त्या वेळचे त्यांचे उद्गार सर्वांना पाठ आहेत: “असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी.” मी ते आठ-आठ अक्षरांत बसवायचा प्रयत्न केला, पण पहिल्या अर्ध्यात नऊ अक्षरे होतात. “कोट्यानुकोटी” च्या जागी “कोटी कोटी” केले तर मोजून आठ होतात.

टिपणवही
कृपा करून तसे करू नये. आणि “असे गेले” की “असे मेले” हेही एकदा ठरवून घ्यावे. दोन्ही ऐकायला मिळतात.

जुना झीलकरी
टिपणवहींशी इथे मी पूर्ण सहमत आहे. त्या ओळीला छंदात घालू नका, तिच्यासाठी छंद थांबवा. मी असे करून पाहिले होते. खारेपाटणचा भाग आला की अष्टाक्षरी सोडायची आणि मोठ्या अभंगाची चाल घ्यायची: सहा, सहा, सहा आणि चार. चाल संथ झाली की काहीतरी घडणार हे लोकांना न सांगता कळते. उदाहरणादाखल एक कडवे देतो.

भर कीर्तनात
निरोप हा आला
पोर तुझा गेला
गोविंदा तो

चौथा चरण चारच अक्षरांत संपतो आणि पुढे रिकामे राहते. तिथे खंजेरी बंद करायची. पूर्ण शांतता. मग ती ओळ गायची नाही, साध्या आवाजात बोलायची, जशी आहे तशी, नऊ अक्षरांची. आणि लगेच “गोपाला गोपाला” उचलायचे. मागच्या मंडळींना हे आधी दहा वेळा बजावून ठेवा, कारण शांतता पडली की झीलकऱ्याचा हात आपोआप खंजेरीवर जातो. माझाही गेला होता. शाहिरांनी मागे वळून पाहिले, ती नजर अजून आठवते.

“गेले” की “मेले”, याचे उत्तर मी देत नाही. तुमच्या गावात जे म्हणतात ते म्हणा.

कापूसवाट
ही चर्चा वाचून मलाही वाटू लागले आहे की पोथी आणि हे वेगळे आहे. आमच्या गावात पौषातल्या रविवारी ऋणमोचनला जाणारी मंडळी आहेत. वाटेत गाडीत म्हणायला असे काही असेल तर चालेल का? खंजेरी नसते, नुसत्या टाळ्या.

जात्यावरची
गाडीत अष्टाक्षरीच घ्या आणि बोलण्याचा भाग वगळा. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही. जायचे ऋणमोचनला आहे तर तिथल्या घाटाचीच कडवी करा.

पूर्णाकाठ
शनिवारी पुन्हा तालीम झाली, म्हणून कळवतो. आधी तीन मिनिटे बोललो, मग बारशाची अकरा कडवी, मध्ये दोनदा बोलणे, सगळे मिळून साधारण बारा मिनिटे. नवव्या कडव्यातली “सासरची माणसे रुसली” ही ओळ शेजारच्या मुलाला कागद देऊन गायला लावली, तर तो दोनदा अडला. मोजली तर दहा अक्षरे निघाली. ती “सासरचे रुसलेले” अशी केली, आता आठ भरतात, पण कोण रुसले ते नीट कळत नाही. तिच्यावर काम चालू आहे.

पालुपदाला लोक दुसऱ्या खेपेला नाही, तिसऱ्या खेपेला शिरले. चुलतभाऊ शेवटपर्यंत बसला. त्या रात्री लाईन नव्हती, त्यामुळे त्याचे श्रेय किती घ्यावे हे ठरवता येत नाही.

खारेपाटणचे कडवे मी म्हटले नाही, फक्त मंडळींना वाचून दाखवले. खंजेरीवाला मुलगा म्हणतो, शांतता पाळता येईल, पण शेकोटीजवळ बसलेल्या पोरांना कोण गप्प करणार? झीलकरी, त्यावर तुमचे शाहीर काय करत असत?

जुना झीलकरी
ते त्या कडव्याच्या आधीच्या बोलण्यात आवाज हळूहळू खाली आणत. माणसे ऐकू यावे म्हणून पुढे सरकतात, शेजारच्याला गप्प करतात, आणि पोरेही मोठ्यांकडे पाहून थांबतात. पण ते पन्नास माणसांत जमत असे. दोनशेंत, भोंगा लावलेला असताना, मी ते जमलेले पाहिलेले नाही. तुमच्याकडे भोंगा लावतात का?

पूर्णाकाठ
लावतात. सकाळच्या सफाईच्या घोषणांसाठी तो बांधलेलाच असतो. रात्री काढून ठेवायला सांगतो.